लिव्हर, नळी आणि बोथट गोळी

मागच्या व्याख्यानाच्या शेवटी एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली होती. त्यांनी विचारलं होतं, "वेस्टर्न सिनेमात घोडेस्वार बंदुकीखालची कडी खाली-वर करतो आणि धडाधड बार काढतो. त्या बंदुकीच्या गोळ्या पुढून चपट्या का असतात? टोकदार गोळी लांब जाते, हे तर शाळकरी पोरालाही कळतं." प्रश्न मला फार आवडला. आजचं सगळं व्याख्यान त्याच्याच उत्तरात घालवणार आहे.

उदाहरण म्हणून एकच बंदूक घेऊ, १८७३ सालची विंचेस्टर. अमेरिकेत कनेटिकट राज्यात न्यू हेवन नावाचं गाव आहे, तिथे ती बनली. आधी ती चालते कशी ते पाहू. मग चपटं टोक कुठून आलं ते आपोआप कळेल.

काडतुसाचे भाग सगळ्यांना आठवत असतीलच, तरी एकदा सांगतो. पितळेची पुंगळी, तिच्यात दारू, तोंडाशी बसवलेली शिशाची गोळी, आणि बुडाशी धक्का बसला की पेटणारा मसाला. पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेली एक कडा असते, आपल्या स्टीलच्या डब्याच्या झाकणाला असते तशी. ही कडा लक्षात ठेवा, तिचं काम पुढे येणार आहे.

या बंदुकीत दोन नळ्या असतात. वरची नळी म्हणजे जिच्यातून गोळी बाहेर पडते ती. तिच्याखाली तेवढ्याच लांबीची दुसरी, पातळ पत्र्याची नळी. ती मॅगझीन, म्हणजे कोठार. तिच्यात काडतुसं एकामागे एक आडवी झोपलेली असतात, आगगाडीच्या डब्यांसारखी. सगळ्यांची तोंडं पुढे. पुढच्या टोकाला लांब स्प्रिंग असते आणि ती सगळ्या रांगेला सतत मागे, म्हणजे नेमबाजाकडे ढकलत राहते. आता मागच्या टोकाचं काडतूस खालच्या नळीतून वरच्या नळीत न्यायचं, आणि त्याआधी वरची रिकामी पुंगळी बाहेर काढायची. ही दोन्ही कामं हाताच्या एका झटक्यात करायची. लिव्हरचं सगळं यंत्र एवढ्यासाठीच आहे.

बार नुकताच झालाय असं समजा. रिकामी पुंगळी वरच्या नळीच्या मागच्या भागात, ज्याला चेंबर म्हणतात तिथे, अडकून आहे. तिच्या मागे बोल्ट नावाचा पोलादी दांडा तिला दाबून उभा आहे. बोल्टच्या मागे दोन्ही बाजूंना पट्ट्यांची एकेक जोडी असते, आपल्या गुडघ्यासारखी. पाय सरळ ताठ असताना तुम्ही त्यावर सगळं वजन टाकू शकता. गुडघा जरासा वाकला की पाय लगेच मुडपतो. इथेही तसंच. पट्ट्या सरळ रेषेत असताना स्फोटाचा सगळा दाब त्या पेलतात आणि बोल्ट मागे हलत नाही.

आता नेमबाज लिव्हर खाली-पुढे ढकलतो. गुडघा वाकतो, बोल्ट मागे सरकू लागतो. बोल्टच्या माथ्यावर एक छोटा आकडा असतो, त्याला एक्स्ट्रॅक्टर म्हणतात. तो पुंगळीची ती बाहेर आलेली कडा पकडून तिला चेंबरबाहेर ओढतो. मागे जाता जाता बोल्ट घोड्यालाही मागे ढकलतो आणि घोडा चढतो. म्हणजे पुढच्या बाराची तयारी इथेच झाली.

लिव्हरच्या प्रवासाचा शेवटचा तुकडा खरा महत्त्वाचा. बोल्टखाली पितळेचा एक ठोकळा असतो, कॅरिअर. त्याच्या पोकळीत पुढचं काडतूस आधीच येऊन बसलेलं असतं. लिव्हर पार खाली गेली की हा ठोकळा लिफ्टसारखा सरळ वर उचलला जातो. वर येताना तो रिकाम्या पुंगळीला खालून धक्का देतो. पुंगळीची कडा वर आकड्यात अडकलेली असते, त्यामुळे ती त्या बिंदूभोवती गर्रकन फिरते आणि डोक्यावरून उडून बाहेर पडते. म्हणजे या बंदुकीत पुंगळी बाहेर फेकायला वेगळा भाग नाहीच. आत येणारं काडतूसच जाणाऱ्याला घालवतं.

मग लिव्हर परत वर ओढायची. गुडघा सरळ होऊ लागतो, बोल्ट पुढे येतो आणि कॅरिअरमधलं काडतूस थेट चेंबरमध्ये सारतो. आकडा कडेवर टक्कन बसतो. कॅरिअर खाली उतरतो, खालच्या नळीतली स्प्रिंग रांग ढकलते आणि पुढचं काडतूस कॅरिअरमध्ये येतं. पट्ट्या पुन्हा ताठ. चाप ओढायचा, बस्स.

इथे एक बारीक गोष्ट आहे, तिच्यावर सगळं टिकून असतं. कॅरिअरची पोकळी बरोब्बर एका काडतुसाच्या लांबीची असते. या बंदुकीच्या ४४-४० नावाच्या काडतुसाची पूर्ण लांबी सुमारे ४० मिलिमीटर. काडतूस जास्त लांब असेल, तर त्याचं टोक मागे कॅरिअरमध्ये न मावता नळीतच अडकून राहतं आणि लिफ्ट उचलत नाही. जास्त आखूड असेल, तर पाठीमागून येणाऱ्या दुसऱ्या काडतुसाची कडा कॅरिअरमध्ये डोकावते आणि पुन्हा सगळं ठप्प. म्हणजे गोळीची लांबी ही नेमबाजीची बाब नाही, यंत्राचा एक भागच आहे. गोळीला लांब टोक काढायला जागाच नाही. पण चपटं टोक का, याचं मुख्य कारण हे नाही. ते अजून यायचंय.

त्याआधी आणखी एक चूक सांगतो, कारण ती हे यंत्र समजून घ्यायला मदत करते. घाबरलेला माणूस लिव्हर अर्धवट खाली नेतो आणि लगेच वर ओढतो. घोडा चढतो, पण कॅरिअर उचलला जात नाही, कारण तो अगदी शेवटी उचलला जातो. मग काय होतं? बोल्ट तीच रिकामी पुंगळी पुन्हा चेंबरमध्ये सारतो. चाप ओढला की फक्त "टिक" आवाज येतो. बार नाही, आणि डोक्यावरून पितळही उडालेलं नाही. ही खूण दिसली की कारण यंत्रात नसून हातात आहे, हे ओळखायचं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. खालच्या नळीत काडतुसं आडवी एकामागे एक आहेत, म्हणजे प्रत्येक गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकलेलं आहे. आणि पेटणारा मसाला नेमका बुडातच असतो.

इथे थोडा इतिहास हवा. १८७३ च्या आधीची बंदूक म्हणजे १८६० च्या पेटंटची हेन्री रायफल. बेंजामिन टायलर हेन्री हा न्यू हेवनचा कारागीर. त्याच्या ४४ कॅलिबरच्या काडतुसात मसाला बुडाच्या मध्यावर नव्हताच, बाहेरच्या कडेच्या आत गोल पसरलेला होता. घोडा पडला की दोन काट्यांची पिन कडेच्या दोन बाजूंवर आदळायची. १८६६ च्या विंचेस्टरमध्येही हेच काडतूस होतं. मागच्या गोळीचं टोक टेकायचं ते बुडाच्या मध्याशी, आणि मध्याशी पेटण्यासारखं काहीच नव्हतं. धोका होता, पण मर्यादित.

मात्र या काडतुसाला मर्यादा होती. कडेला मसाला ठेवायचा तर तिथला पत्रा पातळ ठेवावा लागतो, म्हणजे पिनच्या ठोक्याने तो दबेल. पातळ पत्रा मोठा दाब सोसत नाही. म्हणून ताकद वाढवता येईना. हेन्रीच्या काडतुसात दारू पंचवीस-अठ्ठावीस ग्रेनच होती. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम.

१८७३ मध्ये विंचेस्टरने मसाला बुडाच्या मध्यावर आणला. एक छोटी तांब्यासारखी टोपी, प्रायमर, बुडाच्या मधोमध खड्ड्यात ठोकून बसवलेली. आता कडा जाड करता आली आणि दारू ४० ग्रेनवर गेली. ४४-४० या नावातला दुसरा आकडा तोच. गोळी २०० ग्रेनची, म्हणजे सुमारे १३ ग्रॅम. बंदूक एकदम दमदार झाली. पण त्याच क्षणी खालच्या नळीत एक नवं संकट जन्माला आलं. आता प्रत्येक गोळीचं टोक पुढच्याच्या प्रायमरवर टेकलं होतं.

(इथे वक्त्यांनी एक पारदर्शक नळी आणि लाकडी काडतुसं दाखवली. काहींची टोकं पेन्सिलीसारखी तासलेली होती, काहींची सपाट कापलेली. बुडाच्या मध्यावर मऊ मातीचा ठिपका लावला होता.)

ही नळी बघा. मी आधी तासलेल्या टोकांची काडतुसं भरतो. एका बाजूला स्प्रिंग आहेच. आता नळी एकदा जोरात मागे झटकतो आणि एकदम थांबवतो. बंदुकीच्या धक्क्यात हेच होतं. बार झाला की बंदूक झटक्यात मागे जाते. काडतुसं जडत्वामुळे जागेवर राहायचा प्रयत्न करतात, पुढची स्प्रिंग दबते, रांग किंचित विखुरते. मग बंदूक खांद्याला टेकून थांबते, आणि अख्खी रांग मागे येऊन आदळते. बाहेर काढतो. मातीत बघा, प्रत्येक ठिपक्यात भोक पडलंय.

आता सपाट टोकांची भरतो, तसाच झटका. माती बघा. जेमतेम दबली आहे.

हिशोब सोपा आहे. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. एका गोळीचं टोक १ मिलिमीटर व्यासाचं आणि दुसऱ्याचं ६ मिलिमीटर सपाट धरलं, तर क्षेत्रफळात ३६ पट फरक पडतो. तोच धक्का, पण टोकदार गोळीखाली दाब ३६ पट. अणीदार टोकाखालचा प्रायमर पेटतो, कारण पिनही नेमकी तेच करते. छोट्या टोकाने एका बिंदूवर खड्डा पाडते. खालच्या नळीतली टोकदार गोळी म्हणजे जणू घोड्याला बांधलेली दुसरी पिन.

आणि एक पायरी पुढे जाऊ. प्रायमरचा व्यास सुमारे सव्वापाच मिलिमीटर आणि तो बुडाच्या पातळीपेक्षा केसभर आत बसवलेला असतो. गोळीचं सपाट टोक त्याच्याहून रुंद असलं, तर ते प्रायमरला टेकतच नाही, त्याच्या भोवतीच्या पितळी बुडावर टेकतं. घराच्या दारापेक्षा रुंद पेटी दारात अडकते, आत जात नाही, तसं. धक्का सगळा जाड पितळ पेलतं. वर शिसं मऊ असतं, त्यामुळे धक्का बसला तरी टोकच किंचित दबतं.

धक्का केवढा? ४४-४० चं एक काडतूस साधारण २० ग्रॅमच्या आसपास. भरलेल्या रायफलच्या नळीत १५ काडतुसं, म्हणजे ३०० ग्रॅमच्या पुढची रांग. ती रांग थांबताना सगळ्यात मागच्या सांध्यावर पुढच्या सगळ्यांचा भार येतो. धोका तिथे जास्त असतो.

एखादं काडतूस नळीत पेटलं तर? चेंबरमध्ये पुंगळीभोवती जाड पोलाद असतं. खालच्या नळीत तिच्याभोवती पातळ पत्रा. पुंगळी फाटते, नळी फाटते, आणि ती नळी कुठे असते? नेमबाजाच्या डाव्या हाताच्या तळव्यात, लाकडी पकडीखाली. शेजारची काडतुसंही पेटू शकतात. म्हणून या बंदुकीसाठी बोथट टोक ही सोय नाही, अट आहे.

आता प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग: टोकदार गोळी लांब जाते, हे खरंच आहे की. बोथट गोळीला हवा अडवते. पुढे १८९५ पासून विंचेस्टरने १८९४ च्या मॉडेलसाठी धूरविरहित दारूचं ३०-३० काडतूस काढलं. त्याच्या आजच्या नेहमीच्या भारात चपट्या टोकाची ११ ग्रॅमची गोळी नळीतून सुमारे ६७० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते आणि २०० यार्डांवर पोचेपर्यंत तिचा वेग ५०० च्या खाली येतो. म्हणजे जवळपास चौथाई वेग दोनशे पावलांत गेला. हरणाची शिकार करणाऱ्याला हे चालतं, कारण तो झाडीत शंभर यार्डांच्या आतच बार काढतो. सैन्याला चालत नाही.

आणि सैन्याला या नळीचं आकर्षण प्रचंड होतं. १८७७ मध्ये रशिया-तुर्कस्तान युद्धात प्लेव्हना नावाच्या ठिकाणी, आजच्या बल्गेरियात, तुर्की शिपायांनी लांबवर एकाच काडतुसाच्या पीबॉडी-मार्टिनी रायफली वापरल्या आणि रशियन फळी जवळ आल्यावर विंचेस्टर उचलल्या. १८६६ चं मॉडेल होतं ते. तुर्कस्तानने तशा सुमारे ५० हजार बंदुका घेतल्या होत्या. रशियनांचं नुकसान भयंकर झालं. युरोपच्या सेनानींनी त्यातून घेतलेला धडा असा, की शिपायाच्या बंदुकीत साठा हवा. मग जर्मनीने ७१/८४ ची मॉझर काढली, फ्रान्सने १८८६ ची लेबेल काढली. दोन्हींना लिव्हर नाही, हाताने ओढायचा बोल्ट आहे, पण खाली तीच नळी, आठ काडतुसांची. आणि गंमत बघा, दोन्हींनी गोळीचं टोक चपटं केलं. विंचेस्टरच्या कारखान्यात जे शहाणपण सापडलं, ते बर्लिन आणि पॅरिसमध्येही मान्य झालं.

मग १८९८ मध्ये फ्रेंचांनी मोह धरला. लेबेलसाठी त्यांनी 'बाल डे' नावाची घन पितळेची टोकदार गोळी काढली, १२.८ ग्रॅमची, मागून निमुळती. लांब पल्ल्यावर ती उत्तम चालली. पण नळी तीच! मग उपाय काय? त्यांनी पुंगळीच्या बुडात प्रायमरभोवती एक गोल खाच कोरली. लेबेलचं काडतूस मागे जाड, पुढे निमुळतं, म्हणून नळीत ते तिरपं बसतं आणि त्याचं टोक पुढच्याच्या बुडाच्या मध्यावर न येता जरा खाली येतं. त्या टोकाला खाच पकडते, टोक प्रायमरवर सरकू देत नाही. म्हणजे नळी न बदलता तिच्या धोक्याला बगल दिली. चालली ही युक्ती, पण एका राष्ट्राच्या एका काडतुसापुरती. बाकी जग नळी सोडून पेटीकडे गेलं, ज्यात काडतुसं एकावर एक बसतात आणि टोकाला टेकायला काहीच नसतं. १९०५ च्या सुमारास जर्मनी, १९०६ ला अमेरिका, १९१० ला ब्रिटन, अशी टोकदार गोळी सगळीकडे आली.

इथे एक गैरसमज दूर करतो. लोक म्हणतात, टोकदार गोळीने लिव्हर रायफलला संपवलं. तसं नाही. लिव्हर आणि नळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जॉन ब्राउनिंगने विंचेस्टरसाठी १८९५ ची रायफल रचली, लिव्हरचीच, पण तिच्यात पेटी होती. पहिल्या महायुद्धात रशियाने तशा सुमारे तीन लाख घेतल्या, रशियन टोकदार काडतुसं घालून. आणि त्यांनी बार निमूट काढले. अडचण होती ती दुसरीच. खंदकात पोटावर झोपलेल्या शिपायाला खाली लिव्हर फिरवायला जागाच नसते. तो लिव्हरचा खरा दोष. बोथट गोळी हा दोष नळीचा.

शेवटी दोन प्रश्न आलेत. पहिला, "मग आजचे शिकारी नळीच्या बंदुकीत टोकदार गोळी घालतच नाहीत का?" काही जण एक युक्ती करतात. चेंबरमध्ये एक काडतूस आणि नळीत एकच. नळीत एकच असेल तर त्याच्या टोकापुढे कुणाचं बूड नसतं. दुसरं घातलं की नियम मोडला. आणि या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतल्या हॉर्नाडी कंपनीने रबरासारख्या मऊ टोकाची गोळी काढली. हवेत ती टोकदारच राहते, पण नळीतल्या धक्क्यात टोक दबतं आणि प्रायमरला खड्डा पाडत नाही. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी शिशाच्या मऊपणाने जे केलं, तेच आता नव्या पदार्थाकडून करवून घेतलं.

दुसरा प्रश्न, "माझ्याकडे आजोबांची जुनी लिव्हर रायफल आहे, परवान्यासकट. तिच्यात काय चालेल?" याचं उत्तर बंदूक हातात घेतल्याशिवाय मी देणार नाही. जुनी विंचेस्टर काळ्या दारूच्या दाबासाठी बनवलेली असते आणि नवं जोमदार काडतूस तिच्यात मावतं, म्हणून ते चालतंच असं नाही. परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडून तपासून घ्या. मी एवढंच सांगेन: नळीच्या बंदुकीसाठी काडतूस निवडताना आधी त्याच्या टोकावरून बोट फिरवा. टोक बोटाला टोचलं, तर ते परत पेटीत ठेवा.

आज एवढंच.